इंद्रभान गुरुजींच्या अंगठ्याखालचं वाक्य

इंद्रभान गुरुजींना आता लोक देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे. गेलेल्या माणसाला देव करायला काही लागत नाही. मी त्यांच्या हाताखाली एकाच शाळेत नोकरी केली, रोज एकाच सतरंजीवर बसून डबा खाल्ला, आणि मला ते देवमाणूस कधीही वाटले नाहीत. जळकुकडा माणूस होता. पण त्या जळण्यातून त्यांच्या हातून एकदा जे झालं, ते माझ्यासारख्या शांत डोक्याच्या माणसाकडून जन्मात झालं नसतं. तेच सांगायला बसलो आहे.

आमचं गाव मानोऱ्याजवळचं. तेव्हा इकडे सगळा अकोला जिल्हा. शाळा बोर्डाची, चौथीपर्यंतची, आणि गुरुजी तिचे हेडमास्तर. उंच, सडपातळ, डोक्याला फेटा, कोटाच्या खिशात सदा खडूचा तुकडा. घरची शेती होती, भाऊ ती करायचा. गुरुजींचं लक्ष फक्त मराठीवर. गणित माझ्याकडे ढकललेलं होतं. त्यांच्या मते गणित कोणीही शिकवू शकतो, आणि हे ते मला तोंडावर सांगत. मला पुंजाजी मास्तर म्हणायचे, पण पुष्कळदा नुसतं ‘गणितवाले’ म्हणूनच हाक मारत.

मराठीत त्यांचा जीव एका जागी अडकलेला होता. वाक्यात ‘केवळ’ आला, आणि पुढे ‘नव्हे तर’ आला, की ते ताठ व्हायचे. फळ्यावर लिहायचे: ‘राधाने केवळ घर सारवले नाही, तर आई खूश झाली.’ मग वर्गाकडे वळून विचारायचे, “काय चुकलं?” उत्तराची वाट न पाहता गुरुजी म्हणायचे, “अरे, अर्ध्या वाक्यात राधा राबून राह्यली, अन् अर्ध्यात आई खूश होऊन राह्यली. या दोघींची जोडी जमते का? जे ‘केवळ’च्या पुढं, त्याच्याच जातीचं ‘तर’च्या पुढं पाह्यजे.” मग ते पुसून लिहायचे: ‘राधाने केवळ घरच नव्हे, तर अंगणही सारवले.’ आणि त्यानंतर यायचा त्यांचा अंगठा.

हा अंगठा तालुक्यात प्रसिद्ध होता. ते एक जोडीदार अंगठ्याखाली झाकायचे आणि उरलेलं वाचायला लावायचे. आधी ‘अंगण’ झाकलं: राधाने घर सारवले. मग ‘घर’ झाकलं: राधाने अंगणही सारवले. दोन्ही वेळेला वाक्य सरळ चाललं पाहिजे. ‘केवळ मुलांनाच’ म्हटलं तर पुढे ‘मुलींनाही’ आलं पाहिजे, कोणाला आणि कोणाला. ‘केवळ शाळेतच’ म्हटलं तर ‘घरीही’, कुठे आणि कुठे. ‘केवळ’ वाक्यात भलतीकडे टाकून क्रियापदाच्या मागे ‘नाही’ लावला की त्याचा जोडीदार हरवतो, असं ते सांगायचे. अंगठ्याखाली लंगडलं की त्या पोराच्या पाठीत धपाटा. एकदा डेप्युटी इन्स्पेक्टर साहेबांच्या शेऱ्यावर त्यांनी अंगठा ठेवला होता. साहेब हसले म्हणून निभावलं.

त्यामुळे मानपत्रं गुरुजींकडे यायची. बदलून जाणारा तहसीलदार असो, देवीची लस टोचणारा डॉक्टर असो, गावोगावचे लोक त्यांच्या ओसरीवर येऊन मानपत्र लिहून न्यायचे. मानपत्रात तर प्रत्येक ओळीत ‘केवळ’ आणि ‘नव्हे तर’. पुढे दुसऱ्या कोणी लिहिलं तरी समारंभाच्या आदल्या दिवशी ते गुरुजींच्या ओसरीवर चारचौघांत वाचायचं आणि त्यांच्या अंगठ्याखालून काढायचं, असा रिवाजच पडून गेला. त्याशिवाय त्याची सुवाच्य प्रत कोणी करत नसे. मला मात्र कोणी कधी मानपत्र लिहायला सांगितलं नाही. असो.

मग मदनसिंग आला.

मदनसिंग आमच्याच गावापलीकडच्या तांड्यावरच्या प्रेमसिंगचा मुलगा. दिग्रसला मामाकडे शिकला, अमरावतीला नॉर्मल स्कुलात जाऊन मास्तर झाला, आणि बोर्डाने त्याला नेमका आमच्याच शाळेत पाठवला. बंजाऱ्याचा पोरगा मास्तर होऊन आला हे बघायला पहिल्या दिवशी शाळेच्या कुंपणाला माणसं लागली होती. घरी बोलणं गोरमाटीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, पण मराठी बोलायला लागला की ऐकत राहावं. आवाज भरदार, अक्षर मोत्यासारखं. मागून मागून तांड्यावरची पोरंही त्याच्यासोबत शाळेत यायला लागली, कोणी उघडं, कोणी बापाचा सदरा घालून.

गुरुजी तेव्हापासून जळायला लागले. लपवायचं त्यांना जमत नव्हतं. चौथीची पोरं मधल्या सुट्टीत मदनसिंगच्या दुसरीच्या वर्गात जाऊन बसायची, कारण तो गोष्टी सांगायचा. गुरुजी दारात उभं राहून म्हणायचे, “गोष्टी आयकून कोनी पास होत नाही.” आणि तिथेच उभे राहून गोष्ट पुरी ऐकून जायचे. पंचफुलाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या घरच्यांनी, एकदा सहज म्हटलं, “नव्या मास्तराचा आवाज चांगला हाय.” त्या दिवशी गुरुजी डबा न घेता शाळेत आले आणि माझ्या डब्यातली भाकर खाताना म्हणाले, “आवाज तं हेल्याचाही मोठा असते.”

मी म्हटलं, “गुरुजी, पोरगं गुनाचं हाय.”

“तुमी गणित पाहा,” ते म्हणाले.

त्यांची सर्वांत मोठी आशा होती मदनसिंगचं एखादं वाक्य अंगठ्याखाली लंगडताना पकडायची. त्याचे वर्गातले धडे, बोर्डाला जाणारे अहवाल, पोरांना घातलेली शुद्धलेखनं, सगळं ते डोळ्यांजवळ धरून वाचायचे. काही सापडायचं नाही. मग दिवसभर त्यांचं तोंड उतरलेलं असायचं. दुसऱ्याची चूक मिळाली नाही म्हणून असा खंगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि अशात गुरुजींची पेन्शन जवळ आली.

रामराव पाटील आमच्या शाळा कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी ठरवलं की गुरुजींना वाजत गाजत निरोप द्यायचा, शाळेच्या पटांगणात मानपत्र वाचायचं, आणि पंचक्रोशीला बोलवायचं. गुरुजी खूश झाले. स्वतःचं मानपत्र स्वतः लिहायचं नसतं हे त्यांना समजत होतं, पण लिहिणारा आपल्याला दोन ओळी विचारायला येईल, अशी त्यांची समजूत होती. बहुतेक ते माझ्यावर डोळा ठेवून होते, म्हणजे माझ्या नावाने त्यांनाच लिहिता आलं असतं. पाटलांनी काम मदनसिंगला दिलं.

ही बातमी गुरुजींना मीच सांगितली. ते फळा पुसत होते. पुसलेलाच फळा पुन्हा पुसत राहिले.

“सगळ्यांचे म्या लिहिले,” शेवटी म्हणाले, “अन् माहं हा लिहिन?”

“अंगठा तुमचाच लागीन ना,” मी म्हटलं. त्यांचं समाधान व्हावं म्हणूनच म्हटलं होतं. ते एकदम माझ्याकडे वळले. ज्याचं मानपत्र त्यालाच ते आधी दाखवायचं, हे कोणत्याही रीतीत बसत नव्हतं. पण अंगठ्याचा रिवाजही मोडता येत नव्हता. त्यांनी पाटलांना निरोप धाडला की रिवाजाप्रमाणे समारंभाच्या आदल्या दिवशी ओसरीवर वाचन व्हावं. पाटील भोळे, हो म्हणाले.

त्या दिवशी दुपारी गुरुजींच्या ओसरीवर पाटील, मी, मदनसिंग आणि तांड्याचा पुढारी सोमला नाईक असे बसलो. सोमलाला पाटलांनी मुद्दाम बोलावलं होतं, तांड्यावरची माणसंही समारंभाला यावीत म्हणून. म्हातारा उंबऱ्यापाशी काठी आडवी ठेवून बसला होता. पंचफुलाबाई आत जात्याजवळ बसून ऐकत होत्या.

मदनसिंग वाचायला लागला. काय सांगू, लिहिलं सुरेख होतं. गुरुजींचं चालणं, त्यांचा खडू, पोराच्या पाटीवर वाकलेला त्यांचा फेटा, सगळं त्यात होतं. पहिला ‘केवळ’ आला: ‘गुरुजींनी आम्हांला केवळ अक्षरेच नव्हे, तर शिस्तही दिली.’ गुरुजींनी कागद हातात घेतला आणि अंगठा ठेवला. अक्षरे दिली. शिस्त दिली. सरळ चाललं. अंगठा उचलताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसरा ‘केवळ’ आला, तोही सरळ. मला त्यांची कीव यायला लागली. आपली स्तुती ऐकताना माणूस असा कडू तोंड करून बसलेला मी कधी पाहिला नव्हता. प्रत्येक चांगल्या वाक्याला त्यांना आपलं कौतुक ऐकू येतच नव्हतं, लिहिणाऱ्याचं येत होतं.

आणि मग शेवटाकडे हे वाक्य आलं. मदनसिंगने ते जरा भरभर वाचलं: ‘गुरुजींनी केवळ गावच्या मुलांना शिकवले नाही, तर तांड्यावरची मुलेही आज शाळेत येऊ लागली आहेत.’

गुरुजी उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा उजळला की पाटलांना वाटलं ते भारावले.

“सापडलं!” गुरुजी म्हणाले. “पाटील, पाहा. गणितवाले, तुमीही पाहा. पहिल्या अर्ध्यात म्या शिकवून राह्यलो, अन् दुसऱ्यात पोरं येऊन राह्यली. कोनाची जोडी कोनाशी? राधाचं घर अन् आईची खुशी! नॉर्मल स्कुलात हेच शिकवते का?”

मदनसिंग खाली पाहत होता. “राहू द्या गुरुजी,” तो हळूच म्हणाला. “तेवढं वाक्य तसंच राहू द्या.”

“तसंच? माह्या मानपत्रात? उद्या अख्खी पंचक्रोशी आयकीन अन् म्हनीन, इंद्रभाननं जन्मभर हेच शिकवलं!” गुरुजींनी पेन्सिल घेतली आणि कागदाच्या कडेला लिहिलं: ‘गुरुजींनी केवळ गावच्या मुलांनाच नव्हे, तर तांड्यावरच्या मुलांनाही शिकवले.’ “हे पाहा. ‘मुलांना’ अन् ‘मुलांना’. दोघांचं क्रियापद एकच. आता अंगठा ठेवतो.”

त्यांनी ‘तांड्यावरच्या’वर अंगठा ठेवला आणि मोठ्याने वाचलं: “गुरुजींनी गावच्या मुलांना शिकवले. बरोबर.” मग अंगठा सरकवून गावची मुलं झाकली, आणि वर्गात वाचतात तसं, शब्दाशब्दावर जोर देऊन वाचलं: “गुरुजींनी तांड्यावरच्या मुलांनाही शिकवले.”

“कवा?” सोमला म्हणाला.

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखर आठवत नव्हतं म्हणून विचारलं. म्हातारा आपल्याच आठवणीत शोधत बसला. “मास्तर, माहे पोरं तं नाही शिकले तुमच्याजोळ. रुपाबाईचे दोन आनले होते, तुमी म्हनले, मराठी बोली येऊ द्या, मंग आना. अन् हा,” त्याने काठी मदनसिंगकडे केली, “प्रेमसिंग याले खांद्यावर घेऊन आला होता. हेच म्हनले होते तुमी. मंग मामाकडे धाडला. आता कोनाले शिकवलं ते तुमालेच मालूम.”

गुरुजींचा अंगठा अजून कागदावर होता. त्यांनी मदनसिंगकडे पाहिलं. खरं सांगतो, त्यांना ते पोर आठवत नव्हतं. आठवणार कसं? तांड्यावरून कोणी आलं की ते हेच सांगायचे. त्यात त्यांना दुष्टपणा वाटतच नव्हता. वर्ग मागे पडतो, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

“तुले माईत होतं?” गुरुजींनी विचारलं.

“हाव.”

“मंग हे वाक्य तू चुकून नाही लिहिलं.”

“नाही गुरुजी,” मदनसिंग म्हणाला. “तांड्यावरचे लोक येतीन, त्यांचं नावच नाही निघालं तं बरं दिसलं नसतं. अन् तुमच्या अंगठ्यानं लिहिलं असतं तं खोटं झालं असतं. म्हनून जोडी मोडली. तसं लिहिलं म्हंजे कोनाले काही समजत नाही, अन् आयकाले बरं वाटते.”

पाटील लगेच म्हणाले, “मंग तसंच राहू द्या! काय बिघडते? एक वाक्य तं हाय.” मीही मान हलवली. खरंच काय बिघडत होतं? लंगडं वाक्य, पण गुरुजींची लाज झाकणारं. ज्याला शाळेच्या दारातून परतवून लावलं त्यानेच ती झाकली होती.

पण तेच तर गुरुजींना सहन होईना. मी त्यांच्या शेजारी होतो, मला दिसत होतं. सोमलाचा प्रश्न त्यांना लागला होता, पण त्याहून जास्त लागला होता या पोराचा मोठेपणा. आवाज त्याचा चांगला, अक्षर त्याचं चांगलं, पोरं त्याच्याकडे, आणि आता मनही त्याचंच मोठं? चूक असती तर ते रात्री सुखाने झोपले असते. चूक नव्हती, उपकार होता.

“माह्यावर उपकार करून राह्यला तू?” गुरुजींचा आवाज चिरकला. “तू? माह्या डोक्यावर हात ठेवून? काही गरज नाही मले!”

“गुरुजी, तसं नाही हो...”

“चूप!” त्यांनी कागद मांडीवर घेतला, पेन्सिल टाकून दौत ओढली आणि टाकाने आपल्याच दुरुस्तीतून एकेक शब्द खोडायला लागले. ‘नव्हे तर’ खोडलं. ‘तांड्यावरच्या मुलांनाही’ खोडलं. रेघ मात्र सरळ ओढत होते. मग उरलेलं त्यांनी आमच्यासमोर धरलं: ‘गुरुजींनी केवळ गावच्या मुलांनाच शिकवले.’

“आता ठेवा अंगठा,” ते म्हणाले. “झाकाले काही उरलं नाही.”

पाटील कळवळून म्हणाले, “गुरुजी, असं कोनी मानपत्रात लिहिते का? निदान तो ‘केवळ’ तं काढा.”

“‘केवळ’ राहीन,” गुरुजी म्हणाले. “वाक्य शुद्ध हाय.”

दुसऱ्या दिवशी पटांगण भरलं होतं. पाटलांनी गुरुजींना खुर्चीवर बसवलं, कस्तुराबाई पाटलीणबाईंनी पंचफुलाबाईंची ओटी भरली. तांड्यावरची माणसं मागे, निंबाखाली बसली होती. मदनसिंगने मानपत्र वाचायला घेतलं आणि लोक डोलायला लागले. खडू, फेटा, अक्षरे, शिस्त, एकेका वाक्याला टाळी. गुरुजी समोर बघत बसले होते. मी मात्र त्यांचा उजवा हात पाहत होतो. प्रत्येक ‘केवळ’ला मांडीवरचा अंगठा हलत होता.

ते वाक्य जवळ आलं. मदनसिंगने पान उलटलं, क्षणभर थांबला, आणि ते ओलांडून शेवटच्या आशीर्वादाच्या ओळीवर गेला. पुन्हा झाकायला गेला होता तो. मला वाटलं, बरं झालं, सुटलो.

“मास्तर,” खुर्चीतून आवाज आला. गुरुजींनी त्याला पहिल्यांदाच मास्तर म्हटलं होतं. “एक वाक्य राह्यलं.”

मदनसिंगने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी नजर हटवली नाही. मग त्याने मागे जाऊन वाचलं, आणि त्या भरदार आवाजात ते जरा जास्तच स्पष्ट ऐकू आलं: “गुरुजींनी केवळ गावच्या मुलांनाच शिकवले.”

पुढच्या रांगांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. त्यांना त्यात काही वेगळं ऐकू आलंच नाही. निंबाखाली कोणी टाळी वाजवली नाही. सोमलाने एकदा मान हलवली, जसा कोणी हिशोब बरोबर आहे म्हणून हलवतो, आणि काठी टेकून उठला. निघताना खुर्चीपाशी आला, म्हणाला, “आता बराबर हाय, मास्तर,” आणि गेला. गुरुजींनी त्याला हात जोडले की गळ्यातला हार सावरला, ते मला नीट दिसलं नाही.

गुरुजी सुधारले, मदनसिंगला पोटाशी धरला, वगैरे काही झालं नाही. जो माणूस तसा नव्हता त्याला मी तसा का सांगू? समारंभानंतर मी त्यांना घरापर्यंत पोचवायला गेलो. पंचफुलाबाई हार आणि नारळ घेऊन मागून येत होत्या. अर्ध्या रस्त्यात गुरुजी थांबले, आणि जीभ चावल्यासारखं तोंड करून म्हणाले, “लेकाचा केवळ लिहिन्यातच नव्हे, तं वाचन्यातही माह्याहून चांगला हाय.”

लगेच त्यांनी सवयीने उजवा अंगठा वर केला, हवेतच एकदा इकडे ठेवला, एकदा तिकडे ठेवला, ओठातल्या ओठात दोन्ही वेळा वाचून पाहिलं. मग अंगठा कोटाच्या खिशात घातला आणि घराकडे चालायला लागले.